मदत हवी आहे: स्लाइडवर टक्के दाखवू, माणसं मोजून दाखवू की दोन्ही? (आणि बेरीज १०१ येतेय)

कागदी होडी
परवा सादरीकरण आहे आणि आज साहेबांनी स्लाइड परत पाठवल्या. खाली फक्त एक ओळ: "यातला खरा आकडा कोणता?"

विषय साधा आहे. नवीन सॉफ्टवेअर लोकांना कसं वाटतंय याची आम्ही अंतर्गत पाहणी केली. उत्तरं अशी: समाधानी १८, ठीकठाक १४, नाखूश ११. एकूण ४३. मी टक्के काढले ते ४२, ३३ आणि २६. बेरीज १०१. हे साहेबांनी लगेच पकडलं.

दुसरी स्लाइड हिशेब विभागाची. तिथे सहा महिन्यांपूर्वी ११ पैकी ३ नाखूश होते, आता १२ पैकी ५ आहेत. मी मथळा दिला, "हिशेब विभागातली नाराजी ५३ टक्क्यांनी वाढली". आलेखात २७% आणि ४२% असे दोन खांब, म्हणजे बघणारा १५ चा फरक धरणार. आणि खाली बारीक अक्षरात मीच लिहिलंय "वाढ १४". तिन्ही आकडे एक्सेलनेच दिलेत, चुकीचं काय केलं तेच कळत नाहीये.

मुळात टक्के काढून टाकून नुसत्या संख्या लिहाव्यात का?

सहज सुचलं
१०१ चा प्रश्न सोपा आहे. दशांश चिन्हानंतर एक आकडा ठेवा, बेरीज बरोबर १०० येईल. आम्ही कायम तसंच करतो, दिसायलाही व्यवस्थित दिसतं.

कागदी होडी
आत्ताच करून पाहिलं. ४१.९, ३२.६, २५.६. बेरीज १००.१ 😐

तळटीप
दशांश वाढवून तो प्रश्न जात नाही, नुसता पुढच्या घरात सरकतो. तुमच्या आकड्यांत दोन दशांशांना १००.०० येतात, पण तो निव्वळ योगायोग.

शिवाय ४३ जणांच्या पाहणीत एका माणसाचं वजन २.३ टक्के आहे. एकाने मत बदललं की आकडा दोन-सव्वादोन टक्क्यांनी हलतो. तिथे ४१.९ लिहिणं म्हणजे अंदाजे पावलं टाकून मोजलेलं अंतर मिलिमीटरमध्ये सांगणं. ४२ पुरे.

आता हिशेब विभाग, कारण खरी गडबड तिथे आहे. तुमचे तिन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत, पण ती तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. ११ पैकी ३ म्हणजे २७.२७ टक्के, १२ पैकी ५ म्हणजे ४१.६७. वजाबाकी १४.३९, म्हणून तुमच्या तळओळीत १४. हा झाला टक्केबिंदूंचा फरक. हाच १४.३९ जुन्या २७.२७ च्या तुलनेत मांडला की ५३ टक्के वाढ. आणि १५ कुठून आला? बघणाऱ्याने आधीच राउंड केलेले ४२ आणि २७ वजा केले, एकदा राउंड वर गेलं होतं, एकदा खाली. तुम्ही स्वतः आकडेमोड करताना मूळ संख्यांपासून सुरुवात करा आणि राउंड अगदी शेवटी, छापताना. पण बघणारा स्लाइडवरचेच आकडे वजा करणार, त्याला तुम्ही अडवू शकत नाही. म्हणून जिथे असा घोळ होतोय तिथे फरकाचा आकडाच छापू नका.

आणि माझ्या मते या स्लाइडवर तो मुळी नकोच. काय घडलं ते मराठीत सांगा: आधी ३ जण नाखूश होते, आता ५ आहेत. दोन माणसं! "५३ टक्क्यांनी वाढली" वाचून कोणाच्या डोळ्यासमोर दोन माणसं येतील? त्या १२ जणांतल्या एकाने जरी "नाखूश" ऐवजी "ठीकठाक" म्हटलं असतं तर १२ पैकी ४, म्हणजे ३३ टक्के झाले असते आणि तुमची १४ ची वाढ ६ वर आली असती. मथळा एका माणसाच्या त्या दिवशीच्या मूडवर उभा आहे.

एक विचारतो, आधीचे ११ आणि आताचे १२ ही तीच माणसं का?

कागदी होडी
नाही, एक जण नवीन आलाय. आणि तो नाखूश आहे, हे मला माहीत आहे कारण तो माझ्या शेजारीच बसतो 🙂

तळटीप
मग दोनातली एक नाराजी तर नवीनच माणसासोबत आली. "वाढली" हा शब्दसुद्धा जपून वापरा.

वळणवाट
आमच्याकडेही हेच दुखणं. खर्चाचे आकडे हजारांत दाखवतो आणि खालची बेरीज वरच्या आकड्यांशी जुळत नाही. कोणीतरी एक्सेलच्या सेटिंगमधलं Set precision as displayed सुरू करायला सांगितलं, तेव्हापासून सगळं जुळतं. तुम्हीही करून बघा.

तळटीप
अहो वळणवाट, ते आधी बंद करा! त्या सेटिंगने नुसतं दिसणं बदलत नाही, पेशीत साठवलेला आकडाच कापला जातो. सुरू करताना एक्सेल तशी सूचना देतं, पण आपण सगळे ओके दाबून मोकळे होतो. नंतर सेटिंग बंद केलं तरी कापलेले पैसे परत येत नाहीत. जुनी फाइल जपून ठेवली असेल तर तिच्यावरून पुन्हा सुरू करा आणि हजारांत दाखवायला फक्त पेशीचं फॉरमॅट बदला. बेरजेत एखादा हजार इकडेतिकडे झाला तर खाली "पूर्णांकामुळे बेरजेत फरक संभवतो" एवढी ओळ घाला.

वळणवाट
बाप रे. जुनी फाइल शोधतो.

निमूट
होडी, तुमचं शेवटचं वाक्य बरोबर होतं. शंभरापेक्षा कमी माणसं असतील तर टक्के वापरूच नयेत असा नियम आहे. सगळीकडे नुसत्या संख्या लिहा, विषय संपला.

तळटीप
असा नियम वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या आकड्याने ऐकलाय, कोणी वीस म्हणतं, कोणी पन्नास. भावना बरोबर आहे, पण सरसकट लावला तर फसतो. याच पाहणीत बघा: ११ नाखुशांपैकी ५ हिशेब विभागात, उरलेले ६ बाकी सगळीकडे. नुसत्या संख्या लावल्या तर बाकीच्यांचा खांब उंच दिसणार आणि साहेब विचारणार, "मग हिशेबवाल्यांचंच काय घेऊन बसलात?" पण बाकीचे ३१ आहेत आणि हिशेबवाले १२. म्हणजे १९ टक्के आणि ४२ टक्के. गट लहानमोठे असले की तुलनेला टक्के लागतातच. आणि गट छोटे असले की त्या टक्क्यांमागे किती माणसं आहेत हेही दिसायला लागतं. म्हणून इथे दोन्ही.

निमूट
बरं, तुलनेपुरतं मान्य. पण प्रत्येक खांबावर दोन-दोन आकडे म्हणजे स्लाइडची जत्रा होते.

तळटीप
होते, दोन्ही एकाच आकारात छापले तर. एक मोठा, एक बारीक. तुलना करायची तिथे टक्के मोठे आणि संख्या कंसात. हिशेब विभागाच्या आधी-नंतरच्या स्लाइडवर उलट: "१२ पैकी ५" मोठं आणि टक्के नकोतच.

होडी, लेबलं हाताने टाइप करू नका, आकडे बदलले की ती तशीच राहतात. मोजणी B2 ते B4 मध्ये आणि एकूण B5 मध्ये असेल तर शेजारच्या स्तंभात हे लिहा आणि खाली ओढा:

```
=TEXT(B2/B$5,"0%")&" ("&B2&")"
```

"42% (18)" असं येईल. मग आलेखात Format Data Labels उघडून Value From Cells निवडा, हा स्तंभ दाखवा आणि Value ची खूण काढा. पाय चार्टला टक्क्यांची खूण आयती मिळते, खांबांच्या आलेखाला मिळत नाही, म्हणून हा खटाटोप.

आणि ४३ ही एकूण माणसं की उत्तर दिलेली?

कागदी होडी
उत्तर दिलेली. फॉर्म ६१ जणांना पाठवला होता.

तळटीप
हे आता सांगताय! मग "४२% कर्मचारी समाधानी" असं कुठे लिहिलं असेल तर खोडा. समाधानी म्हणून सांगणारे १८ म्हणजे ६१ पैकी ३० टक्केसुद्धा नाहीत. उरलेल्या १८ जणांना काय वाटतं ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि जे वैतागलेत तेच फॉर्म भरत नसतील किंवा नेमके तेच भरत असतील, दोन्ही शक्य. "उत्तर देणाऱ्यांपैकी ४२%" आणि मथळ्याखाली "६१ पैकी ४३ जणांची उत्तरं". तुमच्या सगळ्या स्लाइडवर छापण्यासारखा एकच आकडा निवडायचा तर मी हाच निवडेन.

कागदी होडी
मी खरंच "कर्मचारी" लिहिलं होतं. बदलते. आता १०१ चं काय? साहेब त्यावरच अडून बसतील.

सहज सुचलं
मधला ३२ करा ना. कोण बघतंय.

तळटीप
गंमत म्हणजे सहजराव, याला रीतसर पद्धत आहे आणि तिचं उत्तरही तेच येतं. आधी सगळ्यांचे पूर्णांकच घ्यायचे: ४१, ३२, २५, बेरीज ९८. उरलेले दोन ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना वाटायचे. .८६ वाल्याला एक, .५८ वाल्याला एक, .५६ वाला राहिला. ४२, ३२, २६. निवडणुकीत जागा वाटायलाही ही पद्धत वापरली जाते.

पण मी ती स्लाइडवर वापरत नाही. शेजारी १४ छापलंय, कोणीतरी मोबाइलवर १४ भागिले ४३ करणार, ३२.५६ येणार आणि "मग ३२ कसे?" यावर पाच मिनिटं जाणार. १०१ चं उत्तर एका वाक्यात देता येतं.

निमूट
इथे मात्र माझं उलट मत. १०१ सगळ्यांना दिसतं, भागाकार एखादाच करतो. वरच्या मंडळींसमोर बेरीज चुकलेली दिसली की पुढच्या सगळ्या स्लाइडवरचा विश्वास उडतो. मी ३२ लिहीन आणि खाली तळओळीत सांगेन.

सहज सुचलं
म्हणजे मी बरोबर होतो 😄

कागदी होडी
बदललं. पहिल्या स्लाइडवर आता तीन खांब, लेबलं "४२% (१८)", "३३% (१४)", "२६% (११)". मथळ्याखाली "६१ पैकी ४३ जणांची उत्तरं", तळाशी "पूर्णांकामुळे बेरीज १०० येत नाही". निमूट, तुमचं पटत होतं, पण साहेब कॅल्क्युलेटर घेऊनच बसतात.

हिशेब विभागाचा मथळा: "हिशेब विभागात १२ पैकी ५ जण नाखूश, सहा महिन्यांपूर्वी ११ पैकी ३". खांब काढूनच टाकले, दोन ओळी पुरल्या.

फक्त एक खटकतंय. "१२ पैकी ५" लिहिल्यावर ते पाच कोण हे विभागप्रमुख बोटावर मोजून सांगतील. टक्के होते तेव्हा निदान तेवढं झाकलेलं होतं.

निमूट
४२ टक्क्यांतही झाकलेलं नव्हतं. विभागात १२ जण आहेत हे त्यांना माहीत असणारच, गुणाकार किती अवघड आहे? पाहणी निनावी आहे असं सांगितलं होतं का लोकांना?

कागदी होडी
सांगितलं होतं. ती स्लाइड तूर्त बाजूला ठेवते, उद्या सकाळी साहेबांना विचारून ठरवते.