मदत हवी आहे: हृदयावरणाच्या दाहाचे दुखणे गोळ्या थांबवल्यावर परत आले, स्टेरॉईड घ्यावे का?

सिंहगडरोडकर

नमस्कार. माझ्या यजमानांविषयी विचारायचे आहे. वय 38, वजन 61 किलो, साखर व रक्तदाब नाही. जुलैच्या अखेरीस त्यांना चार दिवस ताप, अंगदुखी आणि खोकला होता. पुण्यात तेव्हा घरोघरी ताप असल्याने डेंग्यूची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली आणि ताप गेला.

त्यानंतर दहा दिवसांनी, रात्री दोनच्या सुमारास, छातीच्या मध्यभागी सुरी खुपसावी तसे दुखू लागले. खोल श्वास घेतला की कळ वाढे आणि ती डाव्या खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत, मानेकडे जाई. उताणे झोपणे अशक्य झाले. पलंगाच्या कडेला बसून, गुडघ्यांवर कोपरे टेकून पुढे वाकले की मात्र कळ निम्म्याने कमी होई. ती रात्र त्यांनी तशीच बसून काढली आणि आम्ही पहाटे इस्पितळात गेलो.

ईसीजीत बहुतेक सगळ्या लीडमध्ये एसटी उचललेला होता. ट्रोपोनिन नॉर्मल, सीआरपी 84, आणि टू-डी इकोमध्ये हृदयाभोवती 5 मिलिमीटर पाणी. निदान पेरिकार्डायटिस. आयबुप्रोफेन 600 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, कोल्चिसिन 0.5 मिलिग्रॅम दोनदा आणि पोटासाठी पँटोप्राझोल सुरू झाले. तिसऱ्या दिवशी दुखणे थांबले.

चूक आमची पुढे झाली. पाचव्या दिवशी जुलाब सुरू झाले म्हणून कोल्चिसिन बंद केले. आठव्या दिवशी सीआरपी 27 होता. दुखत नाही आणि वेदनाशामकांनी मूत्रपिंडे बिघडतात असे सगळे सांगतात, म्हणून नवव्या दिवशी आयबुप्रोफेनही एकदम थांबवले. आता सोळाव्या दिवशी तेच दुखणे परत आले आहे. सीआरपी 58, पाणी तेवढेच. हृदयरोगतज्ज्ञांची वेळ गुरुवारची मिळाली आहे. ओळखीच्या एका डॉक्टरांनी तोवर प्रेडनिसोलोन सुरू करण्यास सुचवले आहे. ते घ्यावे का?

रमाकाकू

ताई, आडवे झाल्यावर वाढते आणि बसल्यावर कमी होते, म्हणजे हे आम्लपित्त असण्याची शक्यता अधिक वाटते. मला वर्षभर असाच त्रास होता. रात्रीचे जेवण सात वाजता घेऊ लागले आणि उशी उंच केली, तेव्हा थांबला. वेदनाशामकांनी पित्त आणखी वाढते.

भोरकर

माझ्या साडूंना हेच झाले होते. स्टेरॉईड दिले आणि दुसऱ्याच दिवशी ते उठून कामाला लागले. आयबुप्रोफेनने आठवडा जातो. डॉक्टर सांगत असतील तर घेण्यास हरकत नसावी.

निवृत्त फिजिशियन, कोथरूड

प्रथम काकूंच्या मुद्द्याविषयी. आडवे झाल्यावर पित्ताचेही दुखते हे खरे आहे, परंतु पित्ताने सीआरपी 84 होत नाही, श्वासाबरोबर कळ वाढत नाही आणि ईसीजीतील एवढ्या लीडमध्ये बदल दिसत नाहीत. खांद्याच्या वरच्या कडेला जाणारी कळ तर या आजाराची जवळजवळ खूणच मानतात, कारण हृदयावरणाची संवेदना ज्या मज्जातंतूतून जाते तो मानेतून निघतो.

आता मूळ प्रश्न. मला हा नव्याने उलटलेला आजार वाटत नाही. तो पहिलाच दाह आहे, जो अर्धवट विझवून सोडला गेला. दुखणे थांबणे आणि दाह शमणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आठव्या दिवशी वेदना नव्हती, परंतु सीआरपी 27 म्हणजे आत धग होती. आयबुप्रोफेन पूर्ण मात्रेत दुखणे थांबेपर्यंत आणि सीआरपी नॉर्मल होईपर्यंत, साधारण एक ते दोन आठवडे देतात, आणि मग दर आठवड्या-दोन आठवड्यांनी 200 ते 400 मिलिग्रॅम कमी करतात. एकदम तोडत नाहीत.

कोल्चिसिनबाबत मला एक गोष्ट खटकली. 70 किलोच्या आतील माणसाला 0.5 मिलिग्रॅम दिवसातून एकदाच देण्याची पद्धत आहे. आपल्या यजमानांचे वजन 61 आहे आणि ते दोनदा घेत होते. जुलाब बहुधा त्यामुळेच. खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन दिलेले होते का, तेही पाहा, कारण त्याच्यासोबत कोल्चिसिन रक्तात धोकादायक प्रमाणात साचते. हे औषध तीन महिने घ्यायचे असते आणि दुखणे परत येण्याचा संभव ते सुमारे निम्म्यावर आणते, म्हणून ते सोडण्यापेक्षा मात्रा सुधारून घेणे श्रेयस्कर. मूत्रपिंडांची काळजी रास्त आहे, तेव्हा पुन्हा सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन तपासून घ्यावे.

स्टेरॉईडने आराम लवकर पडतो हे भोरकरांचे म्हणणे खरे आहे. अडचण नंतरची आहे. भोरकर, आपल्या साडूंना दुखणे पुन्हा आले होते का?

भोरकर

हो, आले होते. डोस कमी केला की दोनदा आले. आम्ही ते हवामानामुळे समजत होतो. आपण विचारेपर्यंत त्याचा औषधाशी संबंध जोडला नव्हता.

निवृत्त फिजिशियन, कोथरूड

नेमके हेच होते. म्हणून आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन चालत नसेल, अथवा ते कोल्चिसिनसह पुरेसे देऊनही उपयोग झाला नसेल, तेव्हाच स्टेरॉईड, तेही कमी मात्रेत. आपल्याकडे तर पुरेसे देऊन पाहणेच अजून झालेले नाही.

गुरुवारपर्यंत थांबता येईल, पण एका अटीवर. दम लागणे, चक्कर येणे, मानेच्या शिरा फुगलेल्या दिसणे किंवा रक्तदाब उतरणे यांपैकी काही झाले, तर पाणी वाढून हृदयावर दाब येत असल्याची शंका घ्यावी आणि 108 ला फोन करून लगेच इस्पितळ गाठावे.

हडपसरची लेक

माझ्या वडिलांना प्रत्येकाने व्हायरल म्हटले आणि निघाला क्षय. त्यांना महिनाभर संध्याकाळी बारीक ताप येई, वजन उतरले आणि शेवटी सुईने पाणी काढावे लागले. कृपया क्षयाची तपासणी करून घ्या.

निवृत्त फिजिशियन, कोथरूड

आपल्या देशात हा प्रश्न विचारायलाच हवा. क्षय बहुधा असा एका रात्रीत कळ मारून येत नाही, हळूहळू येतो आणि पाणी पुष्कळ साचवतो. या रुग्णाचे चित्र तसे नाही. तरी छातीचा एक्स-रे पाहावा आणि पूर्ण औषधावर आठवडाभरात उतार पडला नाही, तर क्षयाचा शोध घ्यावा. निदान अनिश्चित असताना आधीच स्टेरॉईड दिले, तर हे चित्र पुसट होते, हेही घाई न करण्याचे एक कारण आहे.

सिंहगडरोडकर

सर्वांचे आभार. गुरुवारी तज्ज्ञांना भेटलो. जुनी चिठ्ठी काढून पाहिली, क्लॅरिथ्रोमायसिन त्यात नव्हते. क्रिएटिनिन नॉर्मल आणि एक्स-रे स्वच्छ आहे. आयबुप्रोफेन 600 तीनदा पुन्हा सुरू झाले आहे, कोल्चिसिन आता रोज एकच, आणि दर आठवड्याला सीआरपी पाहून मात्रा उतरवायची आहे. काल रात्री ते दोन उशांवर का होईना, आडवे झोपले. जुलाब अद्याप नाहीत.

एक गोष्ट उरली आहे. ते दर रविवारी सिंहगड चढतात. एक डॉक्टर म्हणतात की सीआरपी, ईसीजी आणि इको नॉर्मल झाले की महिन्याभराने चढावे. दुसरे म्हणतात की तीन महिने पायऱ्यासुद्धा सावकाश. ज्यांनी या आजारानंतर पुन्हा गड चढायला सुरुवात केली आहे, त्यांना किती थांबायला सांगितले होते?