आयटीला वेबकॅमसाठी पत्र लिहिलंय, जरा बघता का? (सांगली, बजेट अडीच हजार)

विश्रामबागची_निशा
कंपनी पुण्याची, मी सांगलीतून घरून काम करते. क्लायंटचे कॉल संध्याकाळी साडेसात ते नऊ असतात आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात मी अशी दिसते की घरातली लाईटच गेलीय. मागच्या मंगळवारी क्लायंटच्या मॅडमनी डेमोच्या मध्येच विचारलं, तुमचा व्हिडिओ चालू आहे ना? फार लागलं मनाला. साहेब म्हणाले अडीच हजारापर्यंत असेल तर आयटीकडं माग. पत्र असं लिहिलंय:

"माननीय आयटी विभाग, माझ्या लॅपटॉपचा कॅमेरा अतिशय अंधुक असून त्यामुळे क्लायंटसमोर कंपनीची छाप चांगली पडत नाही. तरी चांगल्या प्रतीचा वेबकॅम मिळावा ही नम्र विनंती."

पत्रात काय बदलू आणि कोणता कॅमेरा मागू?

कृष्णाकाठ
घ्यायचा तर ४के घ्या. मी बारा हजाराचा घेतला, भावाच्या लग्नाचं लाईव्ह पण त्यावरच केलं, लोक विचारत होते कुठला कॅमेरा म्हणून. फक्त हॉलच्या ट्यूबलाईटखाली चित्रात काळे पट्टे सरकतात, तेवढं सोडलं तर एक नंबर.

सागर_कोरेगाव
कॅमेरा चालतच नाही का? माझा पण असाच बंद पडला होता, ड्रायव्हर काढून परत टाकला आणि झालं, कशाला पैसे घालवताय.

विश्रामबागची_निशा
चालतो हो दादा. दुपारी खिडकीसमोर बसले की झकास दिसतं, संध्याकाळीच रडगाणं.

हेल्पडेस्क_सातारा
आठ वर्षं मी असलीच तिकिटं बघतोय म्हणून सांगतो. "अंधुक आहे" एवढंच लिहिलं तर समोरचा सागरभाऊंसारखाच ड्रायव्हर टाकायला सांगणार आणि तिकीट बंद करणार. त्याला पुरावा द्या. संध्याकाळी कॉलच्या जागीच बसून विंडोजचं कॅमेरा अ‍ॅप उघडा आणि हात हलवा. उजेड कमी पडला की कॅमेरा एकेक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो, त्यामुळं सेकंदाला ३० फ्रेमच्या जागी १५ च येतात आणि हाताची शेपटी दिसते, चेहऱ्यावर रवाळ ठिपके येतात. तिथंही असंच दिसलं तर दोष नेटचा नाही, कॅमेऱ्याचा आणि उजेडाचा. अ‍ॅपमध्ये स्वच्छ आणि कॉलमध्येच घाण दिसलं तर वेबकॅम बदलून काही होणार नाही, नेट बघा. त्याच जागेवरून दुपारचा एक आणि संध्याकाळचा एक असे दोन फोटो पत्राला जोडा. लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा नंबर, साहेबांची मंजुरी आणि "वेगळं सॉफ्टवेअर नको, विंडोजच्याच ड्रायव्हरवर चालणारा चालेल" एवढं लिहा, ॲडमिन पासवर्डचा फाटा वाचतो. "छाप" वगैरे काढून टाका.

कृष्णाकाठ, तुमच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ असणार. आपली वीज ५० ची, ते बदला, पट्टे बऱ्यापैकी जातील. आणि ऑफिसच्या कॉलमध्ये ४के पलीकडं पोचतच नाही, मध्येच दाबून लहान होतं.

कृष्णाकाठ
लग्नात तर पोचलं होतं ना. सेटिंग बघतो.

मिरजकर_काकू
अगं कॅमेरा राहू दे, उजेड आण. माझ्या ऑनलाईन शिकवण्यांना मी लॅपटॉपमागच्या भिंतीवर दिवा मारते, भिंतीवरून उजेड तोंडावर येतो, चष्म्यातही चमकत नाही. पाठीमागचा दिवा मात्र बंद. दोनशे रुपयांत काम झालं.

सागर_कोरेगाव
आमच्या ऑफिसात यूएसबी बंद असतं, कॅमेरा लावला तरी चालणार नाही.

हेल्पडेस्क_सातारा
बहुतेक ठिकाणी पेनड्राईव्ह बंद असतो, कॅमेरा वेगळ्या जातीचं उपकरण. काही कंपन्या मात्र नवीन काहीच लागू देत नाहीत, म्हणून स्वतः विकत न घेता आयटीकडूनच घ्या. काकूंचं खरंय, उजेडानं सगळ्यात जास्त फरक पडतो. अडीच हजारात लॉजिटेक सी२७० सारखा मिळेल, ७२०पी आणि फोकस फिक्स, रात्रीचा त्यानं फार उजेड पडायचा नाही. सी९२० ला १०८०पी आणि ऑटोफोकस आहे, पण बजेट ओलांडेल.

विश्रामबागची_निशा
काल काकूंचा दिवा लावून बघितला, चेहरा खरंच उजळला. पण त्याच खोलीत माझी दीड वर्षाची मुलगी आठला झोपते, दिवा लावला की उठून बसते, कॉल राहतो बाजूला. दुसरी खोली नाही. म्हणून आज सी९२० च मागितला, साहेबांना वरच्या पैशाचं सांगितलं, ते बघतो म्हणाले. दोन्ही फोटो, नंबर, मंजुरी सगळं जोडलं. छापेचं वाक्य मात्र नाही काढलं, फक्त तिथं असं केलं:

"मंगळवारी सायंकाळी ८ च्या डेमोमध्ये क्लायंटने माझा व्हिडिओ सुरू आहे का असे विचारले. कॉलच्या वेळी घरी जादा दिवा लावणे शक्य नाही."

हेल्पडेस्क_सातारा
हे वाक्य राहू दे. तिकीट नंबर जपून ठेवा, चार दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच तिकिटावर लिहा, नवीन काढू नका.

मिरजकर_काकू
बाळ झोपल्यावर दिव्यावर पिवळा कागद लावून बघ की एकदा.