मदत हवी आहे : नियोजित देखभालीच्या तिमाहीत अनुत्पादित क्षमतेचा खर्च कसा मोजावा?

आमच्या ओतकाम कारखान्याची वार्षिक सामान्य क्षमता 48,000 नग आहे. ऑगस्टमधील भट्टीच्या अस्तराच्या कामासाठीचा बंद त्यातून आधीच वजा केलेला आहे. स्थिर उत्पादन खर्च वर्षाला 24 लाख रुपये, म्हणजे दर नगामागे 50 रुपये आहे.

जुलै ते सप्टेंबरमध्ये 9,000 नग निघाले. सामान्य क्षमतेचे चार समान भाग केल्यास 3,000 नगांची तूट, म्हणजे दीड लाख रुपये अनुत्पादित क्षमतेचा खर्च दिसतो. परंतु त्यातील 2,000 नग त्या नियोजित बंदमुळे, तर 1,000 नग ग्राहकाने मागणी पुढे ढकलल्यामुळे कमी झाले. मागणीअभावीचे 50,000 रुपये उत्पादनावर न लादता थेट नफा-तोटा खात्यात टाकायचे, हे स्पष्ट आहे.

प्रश्न उरलेल्या 1 लाखाचा आहे. या तिमाहीची सामान्य क्षमता 10,000 आणि उरलेल्या तीन तिमाहींची मिळून 38,000 धरली, तर त्या तिमाहींत सामान्य उत्पादन झाल्यावर 18 ऐवजी 19 लाख आकारले जाऊन वर्षअखेर हिशेब जुळतो. दर वार्षिकच ठेवायचा आहे आणि बदलता खर्च यात धरलेला नाही.

अंतर्गत तिमाही परिव्यय पत्रकात हे 1 लाख रुपये पुढे ओढावेत, की याच तिमाहीच्या नफा-तोटा खात्यात टाकावेत?