दुकानाची पाटी लांबून वाचता येत नाही, काय काढू?

रिवायंडिंगवाला:
संगमनेरजवळ हायवेला लागून माझा गाळा आहे. पाटी 10 बाय 3 फूट, फ्लेक्स, त्यावरचा मजकूर असा:

॥ श्री गणेश प्रसन्न ॥ साईकृपा इलेक्ट्रिकल्स अँड मोटार रिवायंडिंग वर्क्स. आमचेकडे सर्व प्रकारच्या मोटारी, सबमर्सिबल पंप, पंखे, मिक्सर, कूलर खात्रीशीर भरून व दुरुस्त करून मिळतील. प्रोप्रा., दोन मोबाईल नंबर, साईबाबांचा फोटो, पंपाचा फोटो.

डिझाइनवाल्याने मोबाईलवर दाखवली तेव्हा झकास दिसत होती. आता गिऱ्हाईक फोन करतं, "भाऊ, पुढं निघून आलो, दुकान दिसलंच नाही." काय ठेवू, काय काढू?

गावकरी_७७:
अक्षरं ठळक करा, लाल-पिवळं वापरा आणि सगळ्यांना काळी आउटलाइन मारा. पाटी चमकलीच पाहिजे.

मंजू टेलर्स:
फ्लेक्स चौरस फुटाला काय भावाने पडला हो? मला ब्लाऊजच्या दुकानासाठी करायचा आहे.

रिवायंडिंगवाला:
ताई, भावाचं नंतर सांगतो, आधी हे सुटू दे.

ब्रशवाला काका:
तीस वर्षं पाट्या रंगवतोय. पिवळ्यावर काळं लांबून चांगलं दिसतं, पिवळ्यापुरते गावकरी बरोबर आहेत. पण जाड आउटलाइन नको. तिने वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत चिकटतात. 'रिवायंडिंग'मधले दोन टिंब आधी बुजतात.

आता हिशोब. 40 च्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण 36 फूट जाते. वाचायला, ठरवायला आणि ब्रेक दाबायला तीन सेकंद धरा, म्हणजे शंभर फुटांवरून कळलं पाहिजे. आमचा ठोकताळा असा की दहा फुटांना एक इंच अक्षर. म्हणजे दहा इंच. पण हे दहा इंच नुसत्या अक्षराच्या अंगाचे, शिरोरेषेपासून खाली. वर मात्रा, खाली उकार धरून ओळ सोळा-सतरा इंचांची होते. इंग्रजीच्या मापाने डिझाइन करणारे इथंच फसतात.

तुमची पाटी 36 इंच उंच. वर-खाली तीन-तीन इंच मोकळे सोडा, 17 ची एक ओळ, तीन इंच मोकळी जागा, मग दहा इंचांची दुसरी ओळ. पाटी संपली. वर 'मोटार रिवायंडिंग', खाली 'साईकृपा'. वरची ओळ दहा फुटांत जेमतेम बसेल. दाबून बसवायला अक्षरं अरुंद करू नका, लांबून त्यांचा गोळा होतो.

रिवायंडिंगवाला:
पंप, मिक्सर, कूलर सगळं काढू? मिक्सरवाले येतात ना.

ब्रशवाला काका:
मिक्सर घेऊन येणारा गावातला असतो, त्याला दुकान ठाऊक आहे. ती यादी काउंटरमागच्या भिंतीवर लिहा. 'आमचेकडे', 'सर्व प्रकारच्या', 'खात्रीशीर' ही तर प्रत्येक पाटीवर असतात, गाडीवरून कोण वाचतं? 'वर्क्स'ही नको.

अनघा (ग्राफिक्स):
मोबाईलवर झकास का दिसली ते सांगते. आडव्या मोबाईलवर पाटी सहा इंच रुंद, म्हणजे विसाव्या भागाची. एक फुटावरून पाहिली, तर ती वीस फुटांवरून पाहिल्यासारखी झाली. तेवढ्या जवळून काहीही वाचता येतं. डिझाइन आडव्या ए-फोर कागदावर पानभर छापा, भिंतीला चिकटवा आणि दहा फूट मागे जा. ते जवळजवळ शंभर फुटांवरून पाहणं. शेजारच्या माणसाला 'एक, दोन, तीन' म्हणेपर्यंत दाखवून कागद झाका आणि विचारा, इथं काय मिळतं?

फक्त काका, नाव खाली लहान करायला माझं मन होत नाही. फोनवर लोक 'साईकृपा कुठे' असंच विचारणार.

ब्रशवाला काका:
साईकृपा नावाची दुकानं त्या रस्त्यावर किती असतील, मोजा.

रिवायंडिंगवाला:
चहाचं धरून तीन. 😅 मला लोक 'मोटारवाले भाऊ' म्हणूनच ओळखतात. पण दुसरा एक जण म्हणाला, इंग्रजीत मोठं लिही, ट्रकवाले बाहेरचे असतात.

अनघा (ग्राफिक्स):
मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक आहे. दोन्ही लिप्या मोठ्या करायला तुमच्याकडे जागा नाही.

ब्रशवाला काका:
एक विचारायचं राहिलं. पाटी रस्त्याला समांतर आहे का?

रिवायंडिंगवाला:
हो, शटरच्या वर. रस्त्याच्या कडेपासून वीसेक फूट आत.

ब्रशवाला काका:
मग शंभर फुटांवरून तिची रुंदी तिरकी होऊन पाचव्या हिश्शाएवढीच दिसते. मजकूर कितीही छाटा, कडेने वाचणार कसं? खांबाला, रस्त्याशी काटकोनात, दोन्ही बाजूंनी लिहिलेली साइड पाटी लावा, तीन फूट रुंद. त्यावर फक्त 'मोटार', शिरोरेषेखाली दहा इंच. खाली बाण. आधी गाळामालकाला आणि नगरपालिकेला विचारून घ्या.

रिवायंडिंगवाला:
'मोटार' वाचून लोक गाडीचं गॅरेज समजले तर?

ब्रशवाला काका:
हं. तिथं पंपाचं चित्र कामाला येईल. फोटो नको, एका रंगात काढलेलं.

मंजू टेलर्स:
भाऊ, फ्लेक्सचा भाव?