मदत हवी आहे: लॅबमधल्या 'दुसऱ्या' ग्रुपवर माझंच स्टिकर फिरतंय

रानजाई
मी एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मॅडम धरून आम्ही आठ जण. कामाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात मॅडमही आहेत. गेल्या मंगळवारी एका पेशंटला रिपोर्ट पाठवायला रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर बसले, तर सहकाऱ्याचं व्हॉट्सॲप वेब उघडंच होतं आणि समोर एक ग्रुप. मॅडम आणि मी सोडून बाकी सहा जण त्यात.

सगळ्यात वर माझा फोटो होता. दिवाळीच्या फराळाच्या वेळी तोंडात चकली असतानाचा, कापून स्टिकर केलेला, खाली 'सॅम्पल रिजेक्ट'. कोणी उशिरा आलं की तेच टाकतात. एक मेसेज असाही होता की, कलेक्शनला येणाऱ्या मुलाशी मी जरा जास्तच बोलते, 'आज डबा कोणासाठी?' मी मोबाइलवर एक फोटो काढला आणि उठले.

चेष्टा मी एक वेळ गिळलीही असती. पण वर सरकवलं तर शनिवारच्या कॅम्पची वेळ आठऐवजी साडेसहा झाल्याचं तिथेच ठरलेलं. मी पावणेआठला पोचले होते, रांग लागलेली, आणि मॅडम सगळ्यांसमोर मला बोलल्या. तेव्हापासून जेवायला त्यांच्यात बसवत नाही. काय करू?

सुधाकर_नाशिक
ग्रुप म्यूट करा, नाहीतर गुपचूप बाहेर पडा. आता बाहेर पडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून मलाही असंच टोचून बोलायचे. सोडला आणि सुटलो.

रानजाई
काका, मी त्या ग्रुपमध्ये नाहीच आहे.

वकिलीणबाई नाही
दुसऱ्याचा ग्रुप वाचणं चूकच. आणि महिलांच्या तक्रारीची समिती दहा किंवा जास्त माणसं असतील तिथेच असते. तुम्ही आठ, म्हणजे तुम्हाला कायदा लागू नाही.

अनघा_ताई
मी चौदा वर्षं एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात होते, अंतर्गत समितीवरही. वरचं अर्धंच बरोबर आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. २०१३च्या कायद्यातच ती सोय आहे. मुदत घटनेपासून तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन. मात्र चकलीचं स्टिकर त्यात बसणार नाही, तो लैंगिक छळ नाही. डब्याचा मेसेज काठावर आहे. एकदाच असेल तर मी लगेच तिकडे जा म्हणणार नाही. पुन्हा पुन्हा येत असेल तर गोष्ट वेगळी. काढलेला फोटो कापू नकोस, नाव, तारीख, वेळ दिसू दे. आणि कोणाला पाठवू नकोस.

आधी दोन गोष्टी वेगळ्या कर. 'मला त्या ग्रुपमध्ये घ्या' असं अजिबात म्हणू नकोस. घेतील, आणि आठवड्यात तिसरा ग्रुप निघेल. खाजगी गप्पा मॅडमही थांबवू शकत नाहीत. कामाचे निरोप कुठे द्यायचे हे मात्र त्याच ठरवतात. तेवढंच माग: 'शनिवारी कॅम्पची वेळ बदलल्याचं मला कळलं नाही. यापुढे वेळ किंवा ड्युटी बदलली तर ती लॅबच्या ग्रुपवरच यावी.' त्यात स्टिकर नको, कोणाचं नाव नको. दोन्ही एकत्र सांगितलंस तर त्यांना रुसवाफुगवा दिसेल, आणि कॅम्पचं राहून जाईल.

स्टिकरचं ज्याने केलं त्याच्याशी एकट्याशी बोल. ग्रुपवरून काढलं तरी ज्यांनी फेव्हरिटमध्ये ठेवलं त्यांच्याकडे ते राहतंच, म्हणून 'सगळ्यांना काढायला सांग' असं म्हण.

वकिलीणबाई नाही
स्थानिक समितीचं माहीत नव्हतं. पण 'तू कुठे पाहिलंस?' विचारलं तर?

अनघा_ताई
खरं सांगायचं. स्क्रीन उघडी होती, माझाच फोटो समोर होता. वर सरकवून वाचलं तेही कबूल करायचं. लपवलं तर बोलणं त्यावरच जातं.

मीनल७९
माझ्या शाळेत असंच होतं. मी बोलले, तर 'हिला गंमत कळत नाही' हे कायमचं चिकटलं. ताईंचं पटतं, पण किंमत मोजावी लागते हेही लिहिते.

रानजाई
काल मॅडमना फक्त कॅम्पचं सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे लॅबच्या ग्रुपवर टाकलं, 'ड्युटी बदल इथेच, नाहीतर धरला जाणार नाही.' संध्याकाळी स्टिकरवाल्याला गाठलं. तो आधी हसला, मग माझ्यासमोर डिलीट केलं. बाकीच्यांना सांगतो म्हणाला, सांगितलं का माहीत नाही. डब्याच्या मेसेजचं मी अजून कोणाला बोललेले नाही, ती लिहिणारी माझ्या शेजारच्याच टेबलावर सीबीसी लावते. तिला विचारावं का, ते अजून ठरत नाही. आज दुपारी डबा सेंट्रिफ्यूजच्या खोलीतच खाल्ला.

अनघा_ताई
तिला विचारायची घाई नको. पण तारीख वहीत लिहून ठेव, पुन्हा आला तर तीही.