मदत हवी आहे : निवृत्तीच्या रकमेचा हिशेब पत्नीच्या वयावरून करावा का?

नमस्कार. मी येत्या मार्चमध्ये साठाव्या वर्षी निवृत्त होत असून पत्नी तेव्हा 55 वर्षांची असेल. कोल्हापुरात राजारामपुरीत स्वतःचे घर आहे, पेन्शन मात्र नाही. वार्षिक खर्च 6 लाख रुपये आहे. महागाई 6 टक्के आणि करानंतरचा परतावा 7 टक्के धरला, तर खरी वाढ 1 टक्क्याहूनही थोडी कमीच उरते.

पहिल्यांदा मी माझ्या 85 वर्षांपर्यंतचा, म्हणजे 25 वर्षांचा हिशेब केला आणि सुमारे 1.34 कोटी रुपये पुरेसे वाटले. ती चूक होती, कारण त्या वेळी पत्नी अवघी 80 वर्षांची असेल, आणि नेमके तिच्या एकटेपणाच्या काळात पैसे संपतील, हा विचार मला अस्वस्थ करतो. तिच्या नव्वदीपर्यंत 35 वर्षे धरल्यास वार्षिक खर्चाच्या तीसपट, म्हणजे 1.80 कोटी लागतात.

त्यातही औषधोपचाराचा वर्षाचा 1 लाख रुपये खर्च 10 टक्क्यांनी वाढेल असे वेगळे धरले, तर त्या एका लाखासाठीच 30 ऐवजी सुमारे 58 लाख लागतात आणि एकूण गरज 2.08 कोटींवर जाते.

अनुभवी सभासदांना विचारायचे आहे की, वैद्यकीय खर्चाची 10 टक्के वाढ सलग 35 वर्षे धरणे योग्य आहे का? तसेच दोघांपैकी एकच राहिल्यावर घरखर्च निम्मा न होता किती टक्के उरतो, हे आपापल्या घरच्या अनुभवावरून कृपया सांगावे.