मदत हवी आहे: नऊ बॉक्समध्ये दोन बॅच, फरशी लावू की परत पाठवू?

खोली ११ फूट १० इंच × ९ फूट १० इंच. ६०० × ६०० मिमी मॅट व्हिट्रिफाइड टाइल्स ऑनलाइन मागवल्या. फरशीला ३० आणि चार इंची स्कर्टिंगला ५, म्हणून ९ बॉक्स, प्रत्येकी ४ नग.

आता ७ बॉक्सवर एक बॅच नंबर आहे, २ वर दुसरा. कोरड्याच शेजारी मांडून दिवसाउजेडी उभ्याने पाहिल्या: दुसऱ्या बॅचच्या किंचित पिवळट दिसतात. टेपने मोजल्या तर जेमतेम १ मिमी मोठ्या. शिवाय पहिल्या बॅचच्या ३ टाइल्सचे कोपरे उडालेत, म्हणजे अखंड २५च. फोटो काढलेत. विक्रेता बॉक्स बदलून देईल, पण तीच बॅच मिळेल याची हमी नाही. परत करायची मुदत ४ दिवस.

स्कर्टिंग दुसऱ्या बॅचमधून कापता येईल, तिथे रंगातला फरक खपतो. कपाटाखाली कोपरे उडालेल्या ३ बसवल्या तरी फरशीला २ कमीच पडतात. कपाट भिंतीत पक्कं आहे, तळाशी मोकळं.

त्या २ दुसऱ्या बॅचमधून कपाटाखालीच घातल्या, तर ३ मिमी स्पेसरच्या सांध्यात १ मिमीचा फरक जिरेल, की पुढची ओळ सरकेल? आधी कडा घासून घ्याव्यात का?